विमापत्रकावरील दोन बोनस : एक आकड्यात दिसणारा, एक न दिसणारा

खेडेगावात ‘बोनस’ हा शब्द नवा नाही. दूध संस्था दिवाळीच्या सुमारास वर्षभराच्या दुधावर फरकाची रक्कम वाटते, तिला बोनसच म्हणतात. कारखान्यातील कामगाराला सणापूर्वी मिळते तीही बोनसच. या सर्व ठिकाणी बोनस म्हणजे हातात पडणारी रोकड होय. जीवनविम्याच्या पत्रकावर हाच शब्द येतो तेव्हा त्याचा अर्थ निराळा असतो, आणि हा फरक न कळल्यामुळे अनेक शेतकरी कुटुंबे ऐन गरजेच्या वेळी चुकीचा हिशेब मांडून बसतात. कोणी पत्रकावरील बोनसचा आकडा बँकेतील शिल्लक समजून त्याच्या भरवशावर विहिरीचे काम काढतो; कोणी पत्रकावर नसलेला ‘शेवटचा मोठा बोनस’ गृहीत धरून लेकीच्या लग्नाचा खर्च ठरवितो. दोघांच्याही पदरी निराशा येते, आणि दोष मात्र पत्रकाचा नसतो.

नफ्यात सहभागी असलेल्या विमा पॉलिसीवर मुख्यतः दोन प्रकारचे बोनस मिळतात. पहिला प्रत्यावर्ती बोनस व दुसरा अंतिम बोनस. भारतीय आयुर्विमा महामंडळाच्या पॉलिसींत या दुसऱ्यास अंतिम अतिरिक्त बोनस असे नाव आहे. पहिला दरवर्षी जाहीर होतो व पत्रकावर साठत गेलेला दिसतो. दुसरा बहुधा पत्रकावर येतच नाही. हे दोन्ही बोनस विमेदाराला कसे समजावून द्यावेत, याचा विचार येथे एका उदाहरणाच्या आधारे केला आहे.

बोनस येतो कोठून?

सहभागी पॉलिसीचा हप्ता बिनसहभागी पॉलिसीच्या हप्त्यापेक्षा सामान्यतः थोडा अधिक असतो. हे हप्ते एकत्र करून एक निधी उभा राहतो. तो निधी रोख्यांत, कर्जांत व काही अंशी भागभांडवलात गुंतविला जातो. दरवर्षी ३१ मार्च या तारखेस विमागणितज्ञ या निधीचे मूल्यमापन करतात. एका बाजूस निधीची मालमत्ता, आणि दुसऱ्या बाजूस विमेदारांना पुढे केव्हातरी द्यावयाच्या सर्व रकमांची आजची किंमत, असे ते ताळेबंदासारखे पारडे असते. मालमत्ता देण्यापेक्षा जितकी अधिक भरेल तितका अधिशेष होय. सहभागी विम्याच्या वाटल्या जाणाऱ्या अधिशेषापैकी किमान ९० टक्के भाग विमेदारांचा असतो.

हा भाग वाटताना विमा संस्थेपुढे एक अडचण असते. या वर्षी जाहीर केलेला प्रत्यावर्ती बोनस पुढल्या वर्षी परत घेता येत नाही. एकदा तो पॉलिसीस जोडला गेला की पुढे बाजार पडो अथवा व्याजाचे दर उतरोत, पॉलिसीच्या शर्तींप्रमाणे तो द्यावाच लागतो. म्हणून संस्था हा दर हात राखून ठरविते. जो नफा पक्का झालेला नाही, उदाहरणार्थ भागांच्या किमती वाढल्यामुळे कागदावर दिसणारा नफा, तो ती मागे ठेविते. मागे ठेविलेल्या या भागातून, दीर्घकाळ हप्ते भरून आता निधीतून बाहेर पडणाऱ्या विमेदारास त्याचा वाटा देण्याची सोय म्हणजे अंतिम बोनस. पहिला बोनस सावधपणे का दिला जातो व दुसरा आगाऊ का सांगता येत नाही, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर या एकाच गोष्टीत आहे.

पत्रकाचे वाचन

एका शेतकऱ्याचे उदाहरण घेऊ. त्याच्या पॉलिसीची मुदत २० वर्षे व विमा रक्कम २,००,००० रुपये आहे. वार्षिक हप्ता सुमारे १०,००० रुपये असून १५ हप्ते वेळेवर भरले गेले आहेत. सोळाव्या हप्त्याची तारीख जवळ आली असताना त्याने शाखेतून पॉलिसीचे स्थितिपत्रक मागविले. पुढील आकडे व दर केवळ समजुतीसाठी घेतले आहेत. प्रत्यक्ष दर योजनेप्रमाणे, मुदतीप्रमाणे व वर्षाप्रमाणे बदलतात.

त्या पत्रकावर पॉलिसी क्रमांक, योजना क्रमांक व मुदत, आरंभाची तारीख, विमा रक्कम, मुदतपूर्तीची तारीख आणि भरावयाच्या पुढील हप्त्याची तारीख असे रकाने आहेत. त्यांच्याखाली एक ओळ आहे : ‘निहित बोनस रु. १,२६,०००’. निहित म्हणजे पॉलिसीत कायमचा जोडला गेलेला. आजवर जाहीर झालेल्या सर्व प्रत्यावर्ती बोनसांची ही बेरीज होय.

ही बेरीज कशी झाली हे विमा प्रतिनिधीने प्रथम कागदावर मांडून दाखवावे. बोनसचा दर दर हजारी सांगितला जातो, व तो दर हजार रुपये विमा रकमेवर असतो, भरलेल्या हप्त्यांवर नव्हे. दोन लाखांच्या पॉलिसीत असे २०० हजार आहेत. समजा, पहिली पाच वर्षे दर हजारी ४२ रुपये, पुढील पाच वर्षे ४४ रुपये व नंतरची पाच वर्षे ४० रुपये असा दर जाहीर झाला. तर :

पहिली ५ वर्षे : ४२ × २०० × ५ = ४२,००० रुपये
पुढील ५ वर्षे : ४४ × २०० × ५ = ४४,००० रुपये
नंतरची ५ वर्षे : ४० × २०० × ५ = ४०,००० रुपये
एकूण निहित बोनस = १,२६,००० रुपये

या हिशेबातून एक गोष्ट स्पष्ट होते. शेवटच्या पाच वर्षांत दर उतरला, तरी आधीच्या वर्षांचे ८६,००० रुपये जसेच्या तसे राहिले. दर उतरल्याने वाढीचा वेग कमी होतो. जमलेली रक्कम घटत नाही.

येथे आणखी एक भेद ध्यानात घ्यावा. वरील बोनस साधा आहे, म्हणजे दरवर्षीचा बोनस मूळ विमा रकमेवरच मोजला जातो व पूर्वीच्या बोनसवर बोनस मिळत नाही. आयुर्विमा महामंडळाच्या पॉलिसींत हाच प्रकार रूढ आहे. काही खाजगी विमा कंपन्यांच्या पॉलिसींत चक्रवाढ प्रत्यावर्ती बोनस असतो. तेथे दर शेकडा सांगतात व तो विमा रक्कम अधिक आधीचा बोनस यांवर लागतो. दोन लाखांवर शेकडा ४ दराने पहिल्या वर्षी ८,००० रुपये, तर दुसऱ्या वर्षी २,०८,००० वर ८,३२० रुपये जमा होतात. म्हणून दोन संस्थांचे दर शेजारी ठेवून तुलना करण्यापूर्वी बोनस साधा की चक्रवाढ, हे विचारून घ्यावे.

‘प्रत्यावर्ती’ या शब्दातील मेख

उदाहरणातील शेतकऱ्याला विहिरीवरील नव्या जलवाहिनीसाठी ८०,००० रुपये हवे आहेत. पत्रकावरील १,२६,००० चा आकडा पाहून त्याने प्रतिनिधीला विचारले, “यांतले ऐंशी हजार काढून द्या. पॉलिसी चालू राहू द्या, हप्ते मी भरतो.”

प्रतिनिधी म्हणाला, “आबा, हे पैसे तुमचे आहेत, यात शंका नाही. पण ते तुमचे आज नाहीत. पॉलिसीची मुदत संपेल त्या दिवशी, किंवा त्याआधी तुमचे काही बरेवाईट झाले तर घरच्या माणसांना, हे पूर्ण एक लाख सव्वीस हजार मिळतील. त्याआधी मागितले तर त्यांची किंमत निराळी.”

‘प्रत्यावर्ती’ या शब्दाचा अर्थ हाच होय : पुढे ठरलेली घटना घडेल तेव्हा हक्काने हाती येणारा. ती घटना दोनच प्रकारची असते, मुदतपूर्ती किंवा मृत्यू. पाच वर्षांनी द्यावयाच्या शंभर रुपयांसाठी संस्थेने आज शंभर रुपये बाजूस ठेविलेले नसतात. पाच वर्षांच्या व्याजासह शंभर होतील इतकीच रक्कम ठेविलेली असते. म्हणून पॉलिसी मध्येच मोडली, म्हणजे सरेंडर केली, तर निहित बोनस दर्शनी किमतीने मिळत नाही. त्याला एक गुणक लावला जातो. मुदत संपण्यास जितकी वर्षे उरली असतील तितका हा गुणक लहान असतो. मुदत जवळ येत जाईल तसा तो वाढतो.

समजा, पाच वर्षे उरली असता हा गुणक शेकडा ६० आहे. १५ हप्ते भरलेल्या या पॉलिसीचे पेड-अप मूल्य, म्हणजे भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात उरणारी विमा रक्कम, २,००,००० च्या वीसांश पंधरा म्हणजे १,५०,००० रुपये होते. त्यात निहित बोनस १,२६,००० मिळवून २,७६,००० रुपये होतात. यास शेकडा ६० चा गुणक लावला की आजचे सरेंडर मूल्य १,६५,६०० रुपये येते. म्हणजे पत्रकावर १,२६,००० दिसणाऱ्या बोनसची आजची रोख किंमत ७५,६०० रुपये आहे. प्रत्यक्ष रक्कम काढण्याची रीत योजनेप्रमाणे भिन्न असते, म्हणून सरेंडर मूल्याचा आकडा शाखेकडून लेखी घ्यावा. पत्रकावरील बोनसवरून तो अंदाजाने ठरवू नये.

तीन वाटा व त्यांचे हिशेब

एवढे समजल्यावर शेतकऱ्यापुढे तीन वाटा उरतात. प्रत्येक वाटेवर बोनसचे काय होते, हे पाहणे हाच निर्णयाचा गाभा आहे.

पहिली वाट सरेंडरची. आज १,६५,६०० रुपये मिळतील व पॉलिसी संपेल. विम्याचे छत्र जाईल, पुढील बोनस नाही, अंतिम बोनसचा प्रश्नही बहुधा उरत नाही. गरज ८०,००० रुपयांची असता संपूर्ण पॉलिसी मोडावी लागते, हा या वाटेचा मोठा तोटा होय.

दुसरी वाट हप्ते थांबविण्याची. पॉलिसी पेड-अप होईल. आजवरचा निहित बोनस तिला जोडलेला राहील; मात्र आयुर्विमा महामंडळाच्या सर्वसाधारण नियमाप्रमाणे अशी पॉलिसी पुढील नफ्यात सहभागी होत नाही. पाच वर्षांनी १,५०,००० अधिक १,२६,००० मिळून २,७६,००० रुपये येतील. मधल्या काळात मृत्यू झाल्यास कुटुंबाला दोन लाखांचा नव्हे, तर दीड लाखांचा विमा व हाच बोनस मिळेल. आजची गरज मात्र या वाटेने भागत नाही.

तिसरी वाट पॉलिसी चालू ठेवून तिच्यावर कर्ज घेण्याची. चालू पॉलिसीवर सामान्यतः सरेंडर मूल्याच्या शेकडा ९० पर्यंत कर्ज मिळते. येथे ती मर्यादा १,४९,०४० रुपये येते व ८०,००० ची गरज तिच्यात बसते. कर्ज घेतले तरी बोनस कमी होत नाही. तो पूर्ण दोन लाखांवरच मोजला जातो. पुढील पाच वर्षे दर हजारी ४० रुपये दर टिकला, तर आणखी ४०,००० रुपये जमतील आणि मुदतपूर्तीस २,००,००० अधिक १,६६,००० म्हणजे ३,६६,००० रुपये होतील. त्यातून कर्ज वजा होईल.

पेड-अप पॉलिसीशी ताडून पाहिले असता, पुढील पाच हप्त्यांचे ५०,००० रुपये भरल्याने मुदतपूर्तीची रक्कम २,७६,००० वरून ३,६६,००० होते, म्हणजे ९०,००० रुपयांनी वाढते. शिवाय पाच वर्षे पूर्ण विमा राहतो व अंतिम बोनसची पात्रता टिकते. शेवटच्या वर्षांचे हप्ते बुडविणे महाग का पडते, हे या एका वजाबाकीत दिसून येते.

कर्जाच्या वाटेवर मात्र एक खड्डा आहे. व्याज शेकडा ९ धरले तर वर्षाला ७,२०० रुपये होतात. ते दर सहामाहीस भरत गेल्यास मुदतपूर्तीला केवळ ८०,००० रुपये कापले जातील. व्याज मुळीच भरले नाही, तर ते मुद्दलात मिळत जाऊन पाच वर्षांत देणे सव्वा लाखाच्या घरात जाते. हप्तेही थकले व कर्ज व्याजासह सरेंडर मूल्याच्या पुढे गेले, तर संस्था पॉलिसी बंद करून तिच्या मूल्यातून आपले येणे वसूल करते. मग निहित बोनसही त्या वसुलीत जातो. म्हणून कर्ज घेणाऱ्याने पीक हाती येण्याच्या हंगामाशी व्याजाच्या तारखा जुळवून आधीच तरतूद करावी.

सरेंडर कधीच करू नये असेही नाही. एखाद्याच्या डोक्यावर सावकारी व्याजाचे भारी देणे असेल व पुढील हप्ते भरण्याची शक्तीच उरली नसेल, तर पॉलिसी मोडणे शहाणपणाचे ठरू शकते. परंतु ते १,२६,००० च्या भ्रमात न करता १,६५,६०० रुपयांच्या खऱ्या आकड्यावर करावे.

अंतिम बोनस : पत्रकावर का नसतो?

शेतकऱ्याचा पुढचा प्रश्न साहजिक होता. शेजाऱ्याची पॉलिसी गेल्या वर्षी पुरी झाली, तेव्हा निहित बोनसशिवाय आणखी काही रक्कम त्याला मिळाली होती. ती आपल्या पत्रकावर का नाही?

ऊस उत्पादकांना या प्रश्नाचे उत्तर परिचयाच्या गोष्टीवरून देता येते. कारखाना उसाचा अंतिम दर हंगामाचा हिशेब झाल्यावर ठरवितो. गेल्या हंगामाचा अंतिम दर ठाऊक असला, तरी चालू हंगामाचा तोच राहील असे कोणी लिहून देत नाही. अंतिम बोनसचे असेच आहे. तो ज्या वर्षी दावा उत्पन्न होतो, त्या वर्षाला लागू असलेल्या घोषणेप्रमाणे मिळतो. तोवर तो विमेदाराच्या नावे जमा नसतो. म्हणून पत्रकात त्याला रकाना नसतो, अथवा असल्यास कोरा असतो. दर वाढू शकतो, घटू शकतो, आणि एखाद्या वर्षी काही पॉलिसींना तो मुळीच न मिळणेही शक्य आहे. प्रत्यावर्ती बोनस जाहीर झाल्यावर मागे घेता येत नाही. अंतिम बोनसचा दर मात्र पुढील घोषणेत बदलता येतो.

अंतिम बोनसला पात्रतेची अटही असते. पॉलिसी ठरावीक किमान वर्षे चाललेली असावी लागते; अल्प मुदतीच्या पॉलिसींना तो सहसा मिळत नाही. दर योजनेवर, मुदतीवर व विमा रकमेच्या गटावर अवलंबून असतो. समजा, वीस वर्षांच्या पॉलिसीसाठी चालू घोषणेत दर हजारी ६० रुपये दर आहे. उदाहरणातील पॉलिसी आज पुरी झाली असती तर ६० × २०० म्हणजे १२,००० रुपये अधिक मिळाले असते. येथे एक गैरसमज टाळावा. साधा प्रत्यावर्ती बोनस दरवर्षी मिळतो, अंतिम बोनस एकदाच. ६० ला २० वर्षांनी गुणण्याची चूक पुष्कळ जण करतात व १२,००० च्या जागी २,४०,००० चे स्वप्न पाहतात.

यावरून विमेदाराला सांगावयाची गोष्ट सोपी आहे. घरखर्चाची आखणी करताना विमा रक्कम व निहित बोनस एवढेच निश्चित धरावे, तेही हप्ते शेवटपर्यंत भरले जातील या अटीवर. पुढील वर्षांचा प्रत्यावर्ती बोनस संभाव्य म्हणून वेगळा लिहावा. अंतिम बोनस हिशेबाच्या बाहेर ठेवावा. मिळाला तर तो वरकड समजावा. उदाहरणातील शेतकऱ्याने आपल्या वहीत ३,२६,००० निश्चित, ४०,००० संभाव्य आणि अंतिम बोनससमोर केवळ एक रेघ असे लिहिणे योग्य होय.

पॉलिसी विकताना दाखविलेल्या कोष्टकाशी पत्रकाचा मेळ बसत नाही, अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते. त्या कोष्टकात शेकडा ४ व शेकडा ८ अशी दोन गृहीते धरून दोन अंदाज दिलेले असतात. हे निधीच्या गुंतवणुकीवरील उत्पन्नाचे मानलेले दर आहेत. ते बोनसचे दर नव्हेत व त्यांची हमीही नसते. विमेदाराने त्यांतील हमीचा रकाना कोणता, हे प्रथम पाहावे. प्रतिनिधीनेही शेकडा ८ च्या रकान्यावर बोट ठेवून ‘एवढे मिळणारच’ असे सांगू नये.

मृत्यूच्या दाव्यातील अंतरिम बोनस

मुदतीच्या आत विमेदाराचा मृत्यू झाल्यास चालू पॉलिसीवर विम्याची देय रक्कम, संपूर्ण निहित बोनस व पात्र असल्यास अंतिम बोनस मिळतो. येथे निहित बोनसला कोणताही गुणक लागत नाही. बोनस ३१ मार्चच्या मूल्यमापनावरून काही महिन्यांनी जाहीर होत असल्याने, शेवटच्या घोषणेनंतरच्या काळाचा बोनस पत्रकावर दिसत नाही. दावा अशा मधल्या काळात आला, तर त्या काळासाठी अंतरिम दराने बोनस दिला जातो. वारसांनी दाव्याचे विवरण हाती येताच निहित, अंतरिम व अंतिम या तीन ओळी वेगवेगळ्या आहेत की नाहीत, हे पाहावे व एखादी नसल्यास कारण विचारावे.

पत्रक ताडून पाहण्याची रीत

साध्या बोनसची पॉलिसी असल्यास पत्रकावरील आकडा घरच्या घरी तपासता येतो. निहित बोनसला प्रथम विमा रकमेतील हजारांच्या संख्येने भागावे व येणाऱ्या उत्तरास बोनस मिळालेल्या वर्षांनी भागावे. उदाहरणात १,२६,००० भागिले २०० म्हणजे ६३०, आणि ६३० भागिले १५ म्हणजे ४२. हा सरासरी दर होय. त्या योजनेच्या व मुदतीच्या जाहीर दरांच्या आसपास तो असला, तर पत्रक बहुधा बरोबर आहे.

हा दर फार कमी आला तर तीन गोष्टी तपासाव्यात. पुढील हप्त्याची तारीख मागे राहिली आहे काय, हे प्रथम पाहावे. ती उलटून गेली असल्यास हप्ता थकला आहे, किंवा भरलेला हप्ता नोंदला गेलेला नाही. पावती दाखवून नोंद दुरुस्त करून घ्यावी. दुसरे, पत्रकातील बोनस कोणत्या वर्षापर्यंतचा आहे, हे विचारावे. अलीकडच्या वर्षाची घोषणा चढवावयाची राहिली असू शकते. तिसरे, बंद पडलेली पॉलिसी पुन्हा चालू केली असल्यास मधल्या वर्षांचा बोनस जोडला गेला की नाही, याची खात्री करावी. पत्रकावर बोनसची ओळच नसेल, तर पॉलिसी नफ्यात सहभागी नसण्याचाही संभव आहे. काही योजनांत बोनसऐवजी हमीची वाढ मिळते व तिला निराळे नाव असते. हे योजना क्रमांकावरून व मूळ पॉलिसीच्या कागदावरून कळते.

बोनसच्या नावाने होणाऱ्या फसवणुकीपासूनही ग्रामसेवकांनी लोकांना सावध करावे. ‘तुमच्या पॉलिसीचा बोनस अडकला आहे, सोडविण्यासाठी अमुक रक्कम भरा’, असे दूरध्वनी येतात. बोलणारा कधी विमा नियामक प्राधिकरणाचे नाव घेतो. हे प्राधिकरण बोनस जाहीर करीत नाही, वाटतही नाही, आणि विमा विकतही नाही. तसे त्याने वेळोवेळी जाहीर केले आहे. वर पाहिल्याप्रमाणे प्रत्यावर्ती बोनस पॉलिसीतच जोडलेला असतो व अंतिम बोनस दाव्याबरोबर येतो. दोहोंपैकी कोणताही मिळविण्यासाठी आगाऊ पैसे भरावे लागत नाहीत. असा दूरध्वनी आल्यास पॉलिसी क्रमांक, बँक खाते किंवा सांकेतिक क्रमांक सांगू नये व शाखेत जाऊन चौकशी करावी.

हप्ता भरण्यासाठी तालुक्याच्या गावी जाणे होईल तेव्हा वर्षातून एकदा स्थितिपत्रक मागून घ्यावे व ते मागील वर्षाच्या पत्रकाशेजारी ठेवावे. दोहोंतील निहित बोनसचा फरक त्या वर्षाच्या जाहीर दराशी जुळला पाहिजे. उदाहरणातील पॉलिसीत दर हजारी ४० रुपये दर असता हा फरक बरोबर ८,००० रुपये येतो. तो तसा न आल्यास त्याच दिवशी खिडकीवर विचारणा करून उत्तर लेखी घ्यावे.